इमेजबाहेर राहिलेली फाइल : जून 2024 मधला फेडोरा सिल्व्हरब्लूचा बिघाड

जून 2024 च्या उत्तरार्धात फेडोरा लिनक्सचे सिल्व्हरब्लू, किनोइट आणि आयओटी हे प्रकार वापरणाऱ्या बऱ्याच जणांची यंत्रं अपडेटनंतर सुरूच होईनात. काळ्या पडद्यावर एवढंच यायचं (फाइलींचे लांबलचक पत्ते इथे गाळले आहेत):

```
error: bad shim signature.
error: you need to load the kernel first.

Press any key to continue...
```

अपडेट बसल्यावर यंत्र उठतच नाही, म्हणजे अपडेटचं याहून वाईट काही होऊ शकत नाही. तरीही या प्रकरणात ज्याला बूट मेनूतली दुसरी ओळ निवडायचं सुचलं, त्याचं यंत्र मिनिटभरात पूर्वीसारखं चालू झालं. हाताशी पेनड्राइव्ह नको, दुसरा संगणक नको, डेटाही जागच्या जागी. हे कसं जमलं आणि मुळात बिघडलं कशामुळे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत. अपडेटच्या इमेजच्या कक्षेत काय येतं आणि काय येत नाही, ती ही गोष्ट.

उदाहरणासाठी एक लॅपटॉप धरू. त्यावर 2023 मध्ये फेडोरा सिल्व्हरब्लू 38 बसवला, पुढे त्याच जागेवर 39 आणि मग 40 केला. सिक्युअर बूट, म्हणजे सही पटल्याशिवाय काहीही सुरू होऊ न देणारी फर्मवेअरची सोय, पहिल्यापासून चालू. मालकाने एकदाही फॉरमॅट मारलेलं नाही, कारण तशी वेळच आली नाही. तक्रार करायला जागा नाही असं हे यंत्र, आणि नेमकं तेच अडकलं.

अपडेट बसतो म्हणजे काय होतं

नेहमीच्या फेडोरावर, उबुंटूवर किंवा डेबियनवर अपडेट म्हणजे चालू यंत्राच्या पोटातल्या फाइली एकेक करून बदलणं. दोनशे पॅकेजं असतील तर दोनशे वेळा जुनी फाइल जाते, तिच्या जागी नवी येते, मधूनमधून स्क्रिप्टा चालतात. एकशे बाराव्या पॅकेजला वीज गेली, तर यंत्र ना जुनं राहतं ना नवं. भारनियमनाच्या गावात यूपीएसशिवाय डेस्कटॉप चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. शिवाय सगळं सुरळीत पार पडलं तरी जुन्या फाइली गेलेल्या असतात. मागे यायचं म्हणजे दोनशे पॅकेजांच्या जुन्या आवृत्त्या शोधून पुन्हा उलटा प्रवास करायचा. त्या मिळतीलच असं नाही, आणि मिळाल्या तरी त्या उलट्या प्रवासाची चाचणी कोणी केलेली नसते.

सिल्व्हरब्लूमध्ये `/usr` ही सगळी शाखा फक्त वाचण्यासाठी खुली असते. कर्नल, ग्नोम, फायरफॉक्स, सगळ्या लायब्ररी त्यातच. चालू असताना तिच्यात काहीही लिहिता येत नाही, मालकालाही नाही आणि रूटलाही सहजी नाही. अपडेट येतो तो एका पूर्ण झाडाच्या, म्हणजेच इमेजच्या रूपात, आणि त्या झाडाला एकच नाव असतं : त्यातल्या प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून काढलेला SHA256 आकडा. एखाद्या फाइलीत एक अक्षर बदललं तरी झाडाचा आकडा बदलतो. `40.20240617.0` हे त्यातल्या एका झाडाचं माणसांना वाचता येईल असं नाव. आधी फेडोराची आवृत्ती, मग तारीख आणि शेवटी त्या दिवसातला क्रमांक.

पूर्ण झाड म्हटल्यावर दर वेळी दोन-तीन जीबी उतरवावे लागतात अशी समजूत होते. तसं नसतं. सिल्व्हरब्लूखाली चालणारी ओएस-ट्री ही यंत्रणा प्रत्येक फाइल `/ostree/repo` मध्ये तिच्या स्वतःच्या आकड्याच्या नावाने ठेवते. नव्या झाडातल्या ज्या फाइलींचे आकडे आधीच घरात आहेत त्या पुन्हा मागवत नाही. उरलेल्या मागवते, पडताळते आणि त्यातून नवी फांदी उभी करते :

```
/ostree/deploy/fedora/deploy/<आकडा>.0
```

या फांदीतल्या फाइली म्हणजे त्या साठ्याला जोडलेल्या हार्डलिंक. जुन्या आणि नव्या फांदीत जी फाइल सारखीच आहे ती डिस्कवर एकदाच असते. दोन पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी शेजारी नांदतात, पण जागा मात्र एक सिस्टिम आणि वरचा फरक एवढीच लागते. मागे येण्याची सोय ठेवणं परवडतं ते याच हिशेबामुळे.

हे सगळं होत असताना मालक जुन्या फांदीवर काम करत असतो आणि त्याला धक्काही लागत नाही. नवी फांदी तयार होऊन वाट बघत राहते. यंत्र बंद करताना शेवटच्या टप्प्यात `/etc` मधले मालकाने केलेले बदल नव्या फांदीत ओतले जातात, नवा कर्नल आणि त्याला सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा, म्हणजे इनिटरॅमएफएस, `/boot/ostree` खाली स्वतंत्र फोल्डरमध्ये जातात, आणि मग बूट मेनू बदलतो.

हा मेनू बदलण्याचा क्षण नीट बघण्यासारखा आहे, कारण सगळ्या व्यवहारात खरा निर्णय तेवढाच. `/boot/loader` हे फोल्डर नसून एक सिमलिंक आहे. ती `loader.0` कडे तरी बोट दाखवते किंवा `loader.1` कडे. आज ती `loader.0` कडे असेल, तर नव्या मेनूच्या नोंदी आधी `loader.1` मध्ये पूर्ण लिहून काढतात. त्या डिस्कवर पोहोचल्या की सिमलिंकचं तोंड एका झटक्यात फिरवतात. वीज त्याआधी गेली तर जुना मेनू दिसतो, नंतर गेली तर नवा. अर्धा जुना आणि अर्धा नवा अशी स्थिती होतच नाही. अर्धवट उतरलेल्या फाइली साठ्यात पडून राहिल्या तरी त्यांना कोणी विचारत नाही, पुढच्या सफाईत त्या जातात.

मेनूत आता दोन ओळी असतात :

```
Fedora Linux 40.20240617.0 (Silverblue) (ostree:0)
Fedora Linux <आधीची आवृत्ती> (Silverblue) (ostree:1)
```

प्रत्येक ओळीबरोबर तिचा स्वतःचा कर्नल असतो, आणि कर्नलला दिलेल्या सूचनेत `ostree=` अशा नोंदीने तिची स्वतःची फांदी सांगितलेली असते.

मग अडलं कुठे

आपल्या लॅपटॉपवर हे सगळं बिनचूक पार पडलं. झाड पूर्ण उतरलं, आकडे जुळले, मेनू फिरला. दोष त्या झाडात शोधायला गेलं तर सापडणार नाही.

सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रावर साखळी अशी असते. मदरबोर्डवरचं फर्मवेअर आधी शिम नावाचा छोटा प्रोग्राम उचलतं. शिमवर मायक्रोसॉफ्टची सही असते, आणि ती बहुतेक सगळ्या यंत्रांना ओळखीची असल्यामुळे फर्मवेअर तिच्यावर विश्वास ठेवतं. शिमच्या पोटात फेडोराची प्रमाणपत्रं असतात. त्यांच्या आधारे शिम बूट मेनू दाखवणाऱ्या ग्रबची सही तपासतं. पुढे ग्रब कर्नल उचलतं आणि त्याची सही बरोबर आहे का ते पुन्हा शिमलाच विचारतं.

फेडोराचे कर्नल तोवर दोन किल्ल्यांनी सही केलेले येत, एक जुनी आणि एक नवी. जुन्या शिमला जुनी सही पटायची, नव्याला नवी. 6.9 या कर्नलपासून जुन्या किल्लीची सही बंद झाली. फेडोराच्या बाजूने हा साधा घरगुती बदल. जुनी किल्ली कधीतरी बंद करायचीच होती, आणि शिम तर केव्हाच नवं आलेलं होतं.

पण नवं शिम आपल्या लॅपटॉपवर चालत नव्हतं. 38 वरून 39, 39 वरून 40 असं करताना `/usr` नवं होत गेलं, कर्नल नवे होत गेले. शिम आणि ग्रब मात्र 2023 मध्ये इन्स्टॉलरने ज्या जागी ठेवले होते तिथेच, तसेच होते. कारण ते इमेजमधून चालत नाहीत. ते राहतात ईएफआय सिस्टिम पार्टिशनमध्ये, म्हणजे `/boot/efi` मध्ये, आणि त्या जागेला सिल्व्हरब्लूचा अपडेट हात लावत नव्हता.

गंमत अशी की नवं शिम लॅपटॉपवर *होतं*. इमेज ज्या पॅकेजांतून बनते त्यात शिमचं पॅकेजही असतं. त्याच्या फाइली `/usr/lib/ostree-boot/efi` खाली अपडेटबरोबर इमानेइतबारे येत होत्या. तिथून त्या खऱ्या जागी कोणी नेत नव्हतं, एवढंच.

आता पडद्यावरच्या दोन ओळी सरळ वाचता येतात. ग्रबने 6.9 कर्नल उचलला, जुन्या शिमला विचारलं, शिम म्हणालं ही सही मी ओळखत नाही. ही पहिली ओळ. मेनूतल्या नोंदीत कर्नलनंतर इनिटरॅमएफएस चढवण्याची सूचना असते. ग्रबने तीही पाळायचा प्रयत्न केला, पण कर्नलच चढलेला नव्हता. ही दुसरी ओळ. अनेक जण दुसऱ्या ओळीमागे लागले, इनिटरॅमएफएस बिघडलंय का ते शोधत बसले. दुसरी ओळ हा फक्त पहिलीचा पडसाद आहे.

नव्याने फेडोरा 40 बसवलेल्या यंत्रावर हा दोष दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिथे शिम नवं. सिक्युअर बूट बंद असलेल्या यंत्रावरही नाही, कारण तिथे सही कोणी विचारत नाही. जुनं इन्स्टॉलेशन आणि चालू सिक्युअर बूट या दोन्ही अटी एकत्र आल्या तरच यंत्र अडत होतं.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. नेहमीच्या फेडोरा वर्कस्टेशनवर शिम आणि ग्रब ही साधी पॅकेजं असतात आणि ती थेट `/boot/efi` मध्ये लिहितात. तिथे शिम वेळच्या वेळी नवं होत गेलं, म्हणून या रचनेतून आलेला हा बिघाड तिथे उद्भवला नाही. अपडेट सुरक्षित व्हावा म्हणून जी रचना केली, तिच्याच कडेला हा खड्डा होता.

परत येणं

एक कळ दाबली की ग्रब मेनूवर परत येतं. मेनू आपोआप दिसला नाही तर यंत्र सुरू होताना Esc दाबून तो आणता येतो. दुसरी ओळ, म्हणजे `ostree:1`, निवडली की लॅपटॉप सुरू होतो.

का सुरू होतो, तर त्या ओळीमागचा कर्नल अपडेटच्या आधीचा आहे आणि त्याच्यावर दोन्ही सह्या आहेत. तो जिथे होता तिथेच आहे. नवा कर्नल आला तो शेजारच्या फोल्डरमध्ये आला, याच्यावर बसला नाही. त्याच्याबरोबरची `/usr` ची फांदीही तशीच आहे. काहीही पुन्हा बसवलं गेलं नाही, कुठली फाइल मागे फिरवली गेली नाही. इथे "पूर्ववत करणं" म्हणजे खरं तर काही करणंच नाही. जे कधी बदललंच नव्हतं त्याच्याकडे पुन्हा बोट दाखवायचं.

कोणी म्हणेल, नेहमीचं फेडोराही मेनूत मागचे दोन कर्नल ठेवतंच की. खरं आहे, आणि केवळ कर्नलचा बिघाड असेल तर तिथेही मेनूतून सुटका होते. पण तिथे जुना कर्नल निवडला तरी त्याच्याभोवतीची सगळी सिस्टिम नवीच असते. मेसा, सिस्टमडी किंवा ग्नोम बिघडलं असेल तर कर्नल बदलून काहीच साधत नाही. इथे ओळ निवडली की कर्नल, ड्रायव्हर, लायब्ररी, डेस्कटॉप सगळं एकत्र मागे येतं, आणि ते सगळं एकमेकांबरोबर चालतं हे कालपर्यंत आपणच बघितलेलं असतं.

मेनूतली निवड त्या एका वेळेपुरतीच असते, ही पहिली अडचण. पुढच्या वेळी यंत्र पुन्हा वरच्या, म्हणजे बिघडलेल्या ओळीवर जाईल. काय स्थिती आहे ते बघायचं, आणि क्रम उलटवायचा :

```
rpm-ostree status
rpm-ostree rollback
```

`status` मध्ये ज्या नोंदीपुढे काळा ठिपका ● दिसतो ती आत्ता चालू असलेली. सगळ्यात वरची नोंद म्हणजे पुढच्या वेळी आपोआप सुरू होणारी. ठिपका वरच्या नोंदीपुढे नसेल, तर तुम्ही एकतर मागच्या फांदीवर आहात किंवा नवा अपडेट तयार होऊन वाट बघतोय. `rollback` फक्त या दोघांची जागा बदलतं. सेकंदांचं काम आहे, उतरवायचं काही नसतं.

दुसरी अडचण जास्त फसवी. ओएस-ट्री साधारणपणे दोनच फांद्या सांभाळते. तुम्ही चांगल्या फांदीवर बसून नवा अपडेट घेतलात तर काही बिघडत नाही, कारण चालू असलेली फांदी कधीच खोडली जात नाही. बिघडलेली जाते, तिच्या जागी नवी येते. पण बिघाड कर्नलचा नसून, समजा, फक्त ब्लूटूथचा आहे, आणि तुम्ही त्या बिघडलेल्या फांदीवरच काम चालू ठेवलंत. "पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होईल" म्हणून आणखी एक अपडेट घेतलात. आता दोन फांद्या म्हणजे बिघडलेली आणि तिच्यानंतरची. चांगली गेली. म्हणून चांगली फांदी हाती लागली की पहिलं काम तिला खिळा मारून ठेवण्याचं :

```
sudo ostree admin pin 1
```

इथला 1 हा `status` मधल्या यादीतला क्रमांक, वरून शून्यापासून मोजलेला. `rollback` आधी केलं असेल तर क्रम उलटलेला असतो, म्हणून आकडा बघूनच टाकावा. खिळलेली फांदी स्वतः सोडेपर्यंत जात नाही (`pin --unpin` ने सुटते). पण उत्साहाच्या भरात पाच-सहा फांद्या खिळून ठेवू नयेत. `/usr` च्या फाइली वाटून घेतल्या जातात, प्रत्येक वेगळा कर्नल आणि इनिटरॅमएफएस मात्र `/boot` मध्ये स्वतंत्र जागा घेतात. `/boot` अनेकदा 1 जीबीचंच असतं. ते भरलं की पुढचा अपडेट बसत नाही, आणि तो संदेश बघून माणूस मोठ्या डिस्कमध्ये जागा करत बसतो.

खरी दुरुस्ती

मागे आल्यावर यंत्र चालतं, पण प्रश्न सुटत नाही. पुढचा प्रत्येक अपडेट 6.9 किंवा त्यापुढचा कर्नल आणणार आणि तो तिथेच अडणार. सिक्युअर बूट बंद करणं हा एक रस्ता होता. तात्पुरता ठीक, कायमचा नाही. खरा उपाय म्हणजे जे नवं शिम इमेजमध्ये आधीच येऊन पडलंय ते योग्य जागी नेणं. फेडोराने त्या वेळी लोकांना सांगितलेल्या उपायाचा गाभाही हाच होता, आणि तो प्रत्येकाने हाताने करायचा होता.

आधी शहानिशा :

```
sudo cmp /usr/lib/ostree-boot/efi/EFI/fedora/shimx64.efi \
  /boot/efi/EFI/fedora/shimx64.efi
```

दोन्ही फाइली सारख्या असतील तर `cmp` काहीच बोलत नाही. वेगळ्या असतील तर `differ` असं सांगतं. आपल्या लॅपटॉपवर ते बोललं. मग जुन्याची एक प्रत बाजूला आणि नवं जागेवर :

```
sudo cp -r /boot/efi/EFI /root/EFI-old
sudo cp -rp /usr/lib/ostree-boot/efi/EFI /boot/efi
sync
```

`sync` विसरू नये. ईएफआय पार्टिशन फॅट प्रकारचं असतं, त्याला जर्नल नाही. लिहिणं पूर्ण व्हायच्या आत यंत्र बंद झालं तर मागे वळायची वाट उरत नाही. `cmp` पुन्हा चालवून ते गप्प राहिलं, की यंत्र पुन्हा सुरू करून नवी ओळ निवडायची. कर्नल चढला तर काम झालं.

या तीन ओळी चालवताना जी धाकधूक होते, ती अपडेट घेताना होत नाही, आणि त्याला कारण आहे. इथे आपण पुन्हा जुन्या जगात आलो. एकच फाइल, एकच जागा, तिच्यावर नवी लिहायची. फर्मवेअर ठरलेल्या नावाची ठरलेली फाइल शोधतं, त्यामुळे शेजारी दुसरी फांदी उभी करून सिमलिंक फिरवण्याची युक्ती चालत नाही. फॅटमध्ये ना सिमलिंक असते ना हार्डलिंक. शिम लिहिताना मधेच वीज गेली तर मेनूही येणार नाही, मग `ostree:1` असून उपयोग काय?

म्हणूनच ही जागा इतकी वर्षं कोणी आपोआप बदलत नव्हतं. विसरले होते असं नाही. बाकी सगळी रचना "अर्धवट काही होत नाही" या वचनावर उभी, आणि हे एकच ठिकाण ते वचन पाळू शकत नाही. तेव्हा हात न लावणंच बरं, असा हिशेब होता. तो हिशेब चुकीचा नव्हता, पण न बदलणाऱ्या फाइलीभोवतीचं जग बदलत राहतं हे त्यात धरलेलं नव्हतं. या जागेची जबाबदारी घेणारं `bootupd` नावाचं स्वतंत्र साधन फेडोरात आहे. `sudo bootupctl status` ने शिम-ग्रबची बसलेली आणि उपलब्ध आवृत्ती दिसते, `sudo bootupctl update` ने ती बदलते; जुन्या इन्स्टॉलेशनवर पहिल्यांदा `sudo bootupctl adopt-and-update` चालवावं लागतं. बऱ्याच काळापूर्वी बसवलेलं सिल्व्हरब्लू किंवा किनोइट वापरत असाल, तर `status` ची ही ओळ आजही एकदा चालवून बघण्यासारखी आहे.

काय मागे येत नाही

शिमचा धडा जरा ताणला तर आणखी दोन जागा दिसतात, आणि त्या शिमपेक्षा जास्त वेळा छळतात.

पहिली `/var`. मालकाची सगळी कागदपत्रं `/var/home` मध्ये असतात आणि सगळ्या फांद्यांना तीच एक `/var` दिसते. असायलाही तशीच हवी. अपडेट उलटवला म्हणून काल लिहिलेलं पत्र गायब झालं तर कोण वापरेल असलं यंत्र? पण याची दुसरी बाजू अशी की नव्या फांदीतल्या प्रोग्रामने तुमच्या डेटाचा साचा बदलला असेल, तर जुन्या फांदीतला प्रोग्राम तो बदललेला साचाच बघतो. फायरफॉक्स याचं रोजच्या वापरातलं उदाहरण. सिल्व्हरब्लूमध्ये तो इमेजचा भाग असतो. नव्या मोठ्या आवृत्तीने प्रोफाइल एकदा उघडलं आणि मग तुम्ही मागे आलात, तर जुना फायरफॉक्स ते प्रोफाइल उघडायला नकार देतो आणि नवं तयार करायला सांगतो. हे संरक्षण त्यात 2019 पासून, आवृत्ती 67 पासून आहे. बुकमार्क गेले म्हणून लोक हादरतात. ते गेलेले नसतात, नवी आवृत्ती परत आली की तेच प्रोफाइल उघडतं. यंत्रावर पोस्टग्रेस्क्यूएलसारखा डेटाबेस असेल तर हाच प्रश्न जास्त गंभीर होतो. तिथे अपडेटआधी डेटाचा वेगळा बॅकअप लागतोच, फांद्यांवर विसंबून चालत नाही.

जूनच्या प्रकरणात हा त्रास मात्र झाला नाही, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. बिघाड इतका लवकर झाला की नवी सिस्टिम सुरूच झाली नाही. जी सुरू झाली नाही तिने डेटाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. वाईट दिसणारा बिघाड उलटवायला सगळ्यात सोपा निघाला. आठवडाभर नव्या फांदीवर काम करून मग एखादा बारीक दोष लक्षात येणं, हे उलटवणं अवघड.

दुसरी जागा `/etc`. ही `/usr` सारखी बंदही नाही आणि `/var` सारखी सामाईकही नाही. प्रत्येक फांदीची स्वतःची `/etc` असते, आणि नवी फांदी तयार होताना जुनीतले बदल तिच्यात येतात. प्रवाह एकाच दिशेने, जुनीतून नवीत. मागे आलात की त्या जुन्या फांदीची `/etc` ती सोडताना होती तशी समोर येते. नव्या फांदीवर असताना पासवर्ड बदलला असेल, तर मागे आल्यावर जुनाच पासवर्ड चालतो. मधल्या काळात जोडलेलं वायफायही पुन्हा जोडावं लागतं, कारण तो तपशील `/etc/NetworkManager` खाली असतो. "पासवर्ड चुकीचा" असं दिसल्यावर यंत्र हॅक झालं असं वाटून घेण्याआधी आपण कुठल्या फांदीवर आहोत ते बघावं.

शेवटी, अपडेट बिघडला हे ठरवतं कोण? या लॅपटॉपवर माणसाने ठरवलं. पडदा काळा दिसला, मेनूत दुसरी ओळ निवडली. अँड्रॉइडमध्ये 7.0 पासून ज्या फोनना ए आणि बी असे दोन स्लॉट आहेत, तिथे हे काम बूटलोडर करतो. नवी इमेज रिकाम्या स्लॉटमध्ये लिहिली जाते, फोन तिच्यावर ठरावीक वेळा सुरू व्हायचा प्रयत्न करतो, आणि "मी नीट उठलो" अशी खूण सिस्टिमने स्वतः केली नाही तर जुन्या स्लॉटवर परततो. फोनच्या मालकाला बहुधा कळतही नाही. फेडोरा आयओटीमध्ये ग्रीनबूट नावाचं साधन तसंच काम करतं. यंत्र उठल्यावर ठरवून दिलेल्या तपासण्या चालवतं, आणि त्या पुन्हा पुन्हा नापास झाल्या तर मागच्या फांदीवर जातं. पण त्याच्या तपासण्या चालायला आधी कर्नल चढावा लागतो. इथे कर्नलच अडला होता.